तक्त्यात नसलेला ‘च्या’
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि ‘तू इतकी वर्षे काय केलेस ते सांग’ असे सुचवले आहे. मी इतकी वर्षे प्रुफे वाचली. एका छापखान्यात बसून लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल आणि कधीमधी एखादी कादंबरी. त्यात सांगण्यासारखे फार काही घडत नाही. म्हणून मी माझ्याबद्दल न बोलता एका अक्षराबद्दल बोलणार आहे, कारण सकाळी शाळेच्या फाटकातून आत येताना तेच अक्षर मला डोक्यावर लटकलेले दिसले.

फाटकावरचा फलक सगळ्यांनी पाहिला असेल. ‘माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळाव्यात आपले सहर्ष स्वागत.’ मजकूर कोणी लिहिला ते मला ठाऊक आहे. तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि शुद्धलेखनाची वही माझीच बघायचा. त्याचे नाव मी सांगणार नाही. पण त्याचा दोष फारसा नाही, हेही मला आज सांगायचे आहे.

आठवा, बाईंनी आपल्याकडून विभक्तीचा तक्ता कसा घोकून घेतला होता. ‘स, ला, ते’ म्हणताना आपण झोपेत असायचो, पण षष्ठी आली की सगळा वर्ग जागा व्हायचा, कारण तिला चाल होती. चा, ची, चे. चे, च्या, ची. पहिले तीन एकवचनाचे, पुढचे तीन अनेकवचनाचे. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, याच क्रमाने. शाळेचा फळा, शाळेची घंटा, शाळेचे मैदान. शाळेचे फळे, शाळेच्या घंटा, शाळेची मैदाने. हे आपल्याला आजही झोपेतून उठवून विचारले तरी येते.

यात एक गंमत आहे. घंटा बदलली, मैदान बदलले, की बदलतो तो ‘शाळेचा’ हा शब्द. शाळा स्वतः स्त्रीलिंगी आहे, पण तिच्या लिंगाला इथे कोणी विचारत नाही. ज्याची वस्तू आहे त्याच्याकडे हा प्रत्यय पाहतच नाही, तो वस्तूकडे पाहतो. आठवीत संस्कृत घेतलेल्यांना हा फरक चटकन कळेल. रामस्य पुस्तकम्, रामस्य माला. पुस्तक असो की माळ असो, ‘रामस्य’ जागचा हलत नाही. मराठीत मात्र रामाचे पुस्तक आणि रामाची माळ. म्हणजे आपली षष्ठी नावाला विभक्ती, पण वागायला चक्क विशेषण. पडताळून पाहायचे तर चा-ची-चेच्या शेजारी ‘मोठा’ ठेवा. मोठा, मोठी, मोठे. मोठे, मोठ्या, मोठी. एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. माझा, तुझा, आपला हेही त्याच साच्यातले.

या साच्यात सहा खाने असले तरी रूपे चारच आहेत. ‘चे’ दोनदा येतो, पुल्लिंगी अनेकवचनाला आणि नपुंसकलिंगी एकवचनाला. ‘ची’ही दोनदा येतो. पूर्वी लिहिताना ही सरमिसळ होत नसे. आपल्या आजोबांच्या कपाटातली पुस्तके काढून पाहा, तिथे ‘त्याचें घर’ आणि ‘त्याचीं घरें’ असे डोक्यावर टिंब देऊन छापलेले सापडेल. ते टिंब नपुंसकलिंगाची खूण होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. मला त्याचे दुःख नाही, कारण प्रुफे वाचताना ती टिंबे शोधायचे काम माझ्या आधीच्या पिढीने केले आणि मी वाचले.

आता फलकाकडे येते. ‘विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा’ हे अगदी बरोबर आहे. मेळावा पुल्लिंगी, एकवचनी, म्हणून ‘चा’. आमच्या मित्राने तक्ता नीट पाठ केला होता. पण फलकावर मेळावा नाही, ‘मेळाव्यात’ आहे. नामाला प्रत्यय लागताना ते आधी वाकते, मेळावा-चे मेळाव्या- होते, आणि मग त्याला ‘त’ चिकटतो. याला आपण सामान्यरूप म्हणायचो. नाम वाकले की त्याच्या आधीचे विशेषणही वाकते, आणि वाकल्यावर त्याचे एकच रूप उरते. मोठा मुलगा, पण मोठ्या मुलाने. मोठी मुलगी, पण मोठ्या मुलीने. मोठे घर, पण मोठ्या घरात. अनेकवचनातही मोठ्या मुलांनी, मोठ्या घरांत. लिंग गेले, वचन गेले, सगळ्यांना एकच ‘मोठ्या’. तसाच सगळ्यांना एकच ‘च्या’. शाळेच्या फळ्यावर, शाळेच्या घंटेला, शाळेच्या मैदानात.

हा ‘च्या’ आपण घोकलेल्या तक्त्यात नव्हता. तिथे जो ‘च्या’ होता तो ‘शाळेच्या घंटा’मधला, स्त्रीलिंगी अनेकवचनाचा. दिसायला सारखा, पण काम वेगळे. आणि मी वाचलेल्या प्रुफांत षष्ठीची जी चूक मला पुन्हा पुन्हा खुणवावी लागली ती बहुतेक वेळा हीच होती, ‘च्या’च्या जागी ‘चा’. ‘मंडळाचा वतीने’, ‘मुलाचा लग्नासाठी’, ‘संस्थेचा कार्यालयात’. आता तर आपल्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी दिसते. मोबाईलवर ‘चा’ दोन वेळा बोट लावून होतो आणि ‘च्या’ला जास्त खटपट लागते, हेही एक कारण असेल.

यावर मी छापखान्यात नवीन मुलांना एक उपाय सांगायचे, तो तुम्हालाही सांगते, कारण त्याला व्याकरण लागत नाही, नुसता कान लागतो. मराठीत च दोन तऱ्हेने उच्चारतात. चमच्याचा च दातांजवळ होतो, चहाचा च टाळूला लागतो. ‘घराचा’ म्हणताना चमच्याचा च येतो. ‘घराच्या दारात’ म्हणताना चहाचा च येतो. आणि गावाकडे तर चहालाच ‘च्या’ म्हणतात, त्यामुळे विसरायचे कारण नाही. वाक्य मोठ्याने म्हणून पाहायचे. जीभ चहाच्या च वर गेली की य लिहायचाच. बोलताना आपण चुकत नाही. ‘शाळेचा मैदानात भेटू’ असे या सभागृहातला कोणीही तोंडाने म्हणणार नाही. चूक फक्त हात करतो.

एक ठिकाण मात्र असे आहे की तिथे मीही थांबते. प्रत्यय जिथे उघड दिसत नाही, तिथे. ‘माझ्या मते’ यात ‘मते’ हे अनेकवचन वाटते, पण ते अनेकवचन नाही, त्यात ‘ए’ हा प्रत्यय लपला आहे. म्हणून ‘माझी मते’ म्हणजे माझी निरनिराळी मते आणि ‘माझ्या मते’ म्हणजे मला वाटते. तसेच ‘मागच्या वर्षी’, ‘पुढच्या रविवारी’. आणि षष्ठीची साखळी असेल तर शेवटचाच दुवा तेवढा खरे लिंग सांगतो: आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीचे दार. दार नपुंसकलिंगी, म्हणून ‘चे’. त्याआधीचे सगळे ‘च्या’, कारण त्यांच्या पुढचे प्रत्येक नाम वाकलेले आहे. आणि त्याच दारावर आपण टकटक केली की शेवटचा ‘चे’सुद्धा ‘च्या’ होतो.

इथपर्यंत ही शुद्धलेखनाची गोष्ट झाली. चुकले तरी फलकाचा अर्थ सर्वांना कळला आणि सगळे वेळेवर आले. पण हा ‘च्या’ बरोबर लिहूनही एका घरात काय झाले ते आता सांगते.

आमच्या चाळीत एक आजी होत्या. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्या मुलाला दोन मुली, धाकट्याला एक. धाकट्याचे लग्न आधी झाले होते, त्यामुळे त्याची मुलगी सर्व नातींत मोठी, आणि थोरल्याची दुसरी मुलगी मुलांकडच्या नातींत सर्वांत लहान. मुलीलाही दोन मुली होत्या. आजी गेल्या. तेराव्यानंतर त्यांच्या ट्रंकेत वहीचे एक पान सापडले. स्वच्छ, वळणदार अक्षर, एकही चूक नाही. त्यात एक ओळ अशी होती: ‘माझ्या पाटल्या धाकट्या मुलाकडच्या नातीला द्याव्यात.’

दोन्ही सुना ते पान घेऊन माझ्याकडे आल्या. भांडत नव्हत्या, पण एकमेकींकडे बघतही नव्हत्या. ‘तुम्ही रोज हेच वाचता, यात काय म्हटले आहे ते सांगा.’

धाकटी सून म्हणाली, धाकट्या मुलाकडची नात म्हणजे माझी मुलगी, यात विचारायचे काय? थोरली म्हणाली, आई माझ्या लहानीला कायम धाकटी म्हणायच्या, मुलाकडच्या नातींतली धाकटी तीच. मी ते वाक्य चार वेळा वाचले आणि माझ्या लक्षात आले की दोघींचेही बरोबर आहे.

बघा कसे ते. आजींनी हेच प्रथमेत लिहिले असते तर शंकाच नव्हती. ‘धाकट्या मुलाकडची नात’ म्हटले की धाकटा मुलगा, कारण ‘धाकट्या’ वाकले आहे आणि पुढे वाकलेला शब्द ‘मुला-’ हाच आहे. ‘धाकटी मुलाकडची नात’ म्हटले की धाकटी नात, कारण ‘धाकटी’ स्त्रीलिंगी आहे आणि वाक्यात स्त्रीलिंगी एकच शब्द आहे. एका काना-मात्रेने विशेषण कोणाचे ते ठरते. यासाठीच तर लिंगवचनाचा हा सारा खटाटोप आहे. शब्द लांब गेले, मागेपुढे झाले, तरी कोण कोणाचे हे शेपटीवरून ओळखू येते. पण आजींनी ‘नातीला’ लिहिले. ‘ला’ लागला, नात वाकली, तिच्याबरोबर ‘मुलाकडची’चे ‘मुलाकडच्या’ झाले, आणि ‘धाकटी’ असते तर तिचेही ‘धाकट्या’ झाले असते. धाकटा मुलगा असो की धाकटी नात असो, ‘ला’पुढे दोघांचेही ‘धाकट्या’च. शेपूट गळून पडली. ओळ अगदी शुद्ध होती, आणि त्या शुद्ध ओळीतून अर्थ निघत नव्हता.

शब्दक्रमावरून धाकटी सून थोडी पुढे होती. विशेषण सहसा ज्याचे त्याच्या लगत ठेवतात आणि ‘धाकट्या’ला लागून ‘मुला-’ होते. पण मराठी माणूस क्रमाला फार बांधलेला नसतो, आणि आजी बोलत तशाच लिहीत. मग मी त्यांना पान उलटायला सांगितले. मागे भांड्यांची यादी होती. त्यात एक ओळ: ‘थोरली मुलीकडची नात हिला चांदीचे तबक.’

इथे आजींनी ‘नातीला’ न लिहिता ‘नात हिला’ लिहिले होते. ‘ला’ हा ‘हिला’मध्ये गेला आणि नात सरळच राहिली. म्हणून ‘थोरली’ही सरळ राहिली, आणि ती मुलीच्या आधी येऊनही नातीचीच आहे हे स्पष्ट दिसत होते. मुलगी तर एकच होती, तिला थोरली म्हणायचे कारणच नव्हते. म्हणजे नातीचे विशेषण अगदी पुढे ठेवायची आजींना सवय होती. त्या सवयीने पाहिले तर पाटल्यांच्या ओळीतही ‘धाकट्या’ नातीला लागत होते, आणि थोरल्या सुनेचे म्हणणे वर येत होते.

हे मी दोघींना सांगितले, आणि हेही सांगितले की ही सवय आहे, पुरावा नाही. एका ओळीवरून दुसरी ओळ सिद्ध होत नाही. भाषेने जेवढे सांगितले तेवढे मी सांगितले. त्यापुढचे आजींच्या मनातले होते. दोघी थोडा वेळ बसून राहिल्या. मग धाकटी सून म्हणाली, ‘आई धाकटी म्हणून हाक फक्त तिलाच मारायच्या, हे मलाही माहीत आहे.’ आणि पान घडी करून तिने जावेच्या हातात दिले. पाटल्या त्या लहान मुलीला गेल्या. तिच्या लग्नात मोठीने त्या स्वतः तिच्या हातात घातल्या, ते मी पाहिले आहे. पण त्या दुपारी माझ्या घरात ज्या दहा मिनिटांत कोणी कोणाकडे पाहत नव्हते, ती दहा मिनिटे मला आजही आवडत नाहीत.

तेव्हापासून कोणी मला मृत्युपत्राचा किंवा बक्षीसपत्राचा मसुदा वाचायला दिला की मी आधी ‘च्या’ शोधते. जिथे दोन माणसे आणि एक विशेषण आहे, आणि शेवटी ‘ला’ किंवा ‘ने’ आहे, तिथे वाक्य मोडते. ‘माझी धाकटी नात हिला’, ‘माझा थोरला भाऊ याने’. वकिलांच्या मराठीतले ते ‘हिला’, ‘यास’, ‘यांनी’ आपल्याला बोजड वाटते, मलाही वाटायचे. पण त्या बोजडपणाचा एक फायदा आहे. नाव सरळ राहते आणि विशेषणाला आपले लिंग राखता येते.

आणि विशेषण निवडतानाही जपते. आकारान्त विशेषणे तेवढी बदलतात: धाकटा, थोरला, मोठा, जुना. ‘लहान’ बदलत नाही. ‘लहान मुलाकडची नात’ हे प्रथमेतसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचता येते. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’ तर संस्कृतातून आलेले, ते ढिम्म हलत नाहीत. एका लग्नपत्रिकेत ‘यांच्या कनिष्ठ बंधूंची कन्या’ असा मजकूर होता. यजमान म्हणाले, कनिष्ठ बंधू नव्हे हो, बंधू एकच आहेत, कन्या कनिष्ठ. मी ‘बंधूंची धाकटी कन्या’ केले. ‘धाकटी’ आणि ‘कन्या’ शेजारी शोभत नाहीत असे ते म्हणाले. शोभत नाहीत खरे, पण कोणाचे लग्न आहे ते कळते.

बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत म्हणून आणखी एकच सांगते. आपण ‘आमच्या बाई’ म्हणतो. बाई एकच, पण ‘आमची’ नाही, ‘आमच्या’. हा मात्र तक्त्यातला ‘च्या’ आहे, स्त्रीलिंगी अनेकवचनाचा, आदरार्थी. ‘आमचे सर’ तसेच. आणि ‘आमची बाई’ म्हटले तर अर्थ किती बदलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. बाईंना काही म्हणायचे झाले तर मात्र तिथे आदरालाही वाकावे लागते. ‘आमच्या बाईंनी शिकवले.’ हा ‘च्या’ सामान्यरूपाचा. दोन्ही वेळा लिहायचे सारखेच, त्यामुळे इथे कोणी चुकत नाही.

फलकाचे मी मित्राला सकाळीच सांगितले. तो म्हणाला, ‘बाईंनी पाहिला का?’ मी म्हटले, पाहिला. बाई फाटकात थांबल्या, वाचला, आणि पिशवीतून पेन काढायला गेल्या होत्या. फलक फार उंचावर आहे म्हणून राहिला.